लोकलमध्ये अनोळखी फोनकडून ब्लूटूथ पेअरिंगची विनंती: मदत हवी आहे

डोंबिवलीकरीण: संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये फोनवर अचानक चौकट उघडते: Pair with ...? पुढे कुणाच्या तरी फोनचं नाव, खाली सहा आकडी कोड आणि कॉन्टॅक्ट व कॉल हिस्टरी वापरू देण्याबद्दल एक टिकची जागा. मी दर वेळी Cancel करते. नाव तेच होतं, निदान मागच्या दोन वेळा तरी. कधीकधी स्क्रीनच्या तळाशी कुठल्यातरी इअरबड्सचं चित्र असलेलं कार्डही वर येतं. फोन हॅक होतोय का? फोन जुना आहे, अँड्रॉइड १०.

कोकणी_माणूस: तो कोड कोणालाही सांगू नका. ओटीपीसारखाच असतो. आणि ब्लूटूथ 'हिडन' ठेवा, मग कोणी काही करू शकत नाही.

वायरलेसवाला: कोड ओटीपीसारखा नसतो. तोच आकडा त्या वेळी समोरच्याच्या स्क्रीनवरही दिसत असतो, त्यामुळे लपवायला काही उरतच नाही. दोन्हीकडचे आकडे जुळतात का हे बघून दोघांनी होकार द्यायचा, एवढंच त्याचं काम. धोका Pair दाबण्यात आहे. एकदा दाबलं की तो फोन तुमच्या यादीत बसतो आणि पुढच्या वेळी न विचारता जोडला जाऊ शकतो. टिकही केलीत तर नंबरांची अख्खी वही त्याच्या हातात.

ताई, इअरबड्सचं कार्ड वेगळं प्रकरण आहे. डब्यात कोणीतरी आपल्या बड्सची डबी उघडली की ते आसपासच्या सगळ्याच फोनना हाक मारतात. ते बंद करा नि विसरा. चौकट मात्र खास तुमच्या फोनला आली, म्हणजे समोरच्याला तुमचा फोन यादीत दिसला. तो एरवी दिसत नाही. प्रवासात ब्लूटूथचं 'नवीन उपकरण जोडा' हे पान उघडं असतं का? आणि फोनचं नाव काय ठेवलंय?

डोंबिवलीकरीण: अगं बाई! माझे इअरबड्स आपोआप जोडले जात नाहीत, म्हणून ते पान उघडून ठेवते आणि नाव दिसायची वाट बघते. फोनचं नाव म्हणजे माझं पूर्ण नाव, आडनावासकट. दुकानदारानेच टाकून दिलं होतं.

वायरलेसवाला: मग कोडं बरंचसं सुटलं. बहुतेक फोन ते पान उघडं असेपर्यंतच इतरांना दिसतात. तेवढा वेळ डब्यातल्या प्रत्येकाला तुमचं नाव-आडनाव वाचता येतं. कोणी आपले बड्स शोधताना चुकून तुमच्या नावावर बोट ठेवलं असेल, किंवा मुद्दाम. तेच नाव पुन्हा आलं म्हणून मी चूक गृहीत धरणार नाही, पण रोजची ठरलेली गाडी असेल तर तीच माणसं असणारच. आधी फोनचं नाव बदला, काहीतरी निरर्थक ठेवा.

गिरगावकर७१: आमच्या गणपतीत असंच झालं. आरतीच्या मधोमध स्पीकरवर लावणी सुरू! शेजारच्या इमारतीतल्या पोराचा फोन जोडला गेला होता. स्पीकरला पासवर्ड कुठे टाकायचा?

वायरलेसवाला: टाकायची सोय नसतेच, काका. स्पीकरला ना स्क्रीन ना 'हो-नाही'चं बटण, म्हणून तो विचारल्याशिवाय हो म्हणतो. स्वस्त इअरबड्सचीही तीच गत, आणि त्यांना माइक असतो. मोकळे दिसले तर दुसरा कोणीही जोडून ऐकू शकतो. बटण दाबून धरल्यावरच दिसणारे बड्स त्यापेक्षा बरे.

कोकणी_माणूस: म्हणजे पान बंद, नाव बदललं, की झालं ना? मी तेच म्हणत होतो.

वायरलेसवाला: अर्धं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये एक चूक जाहीर झाली, CVE-2023-45866. तिच्यात जवळचा माणूस स्वतःला ब्लूटूथ कीबोर्ड म्हणवून तुमच्या होकाराशिवाय फोनला जोडला जातो आणि बटणं दाबल्यासारखा मजकूर धाडतो. अँड्रॉइडला यासाठी फोन यादीत दिसायचीही गरज नाही, ब्लूटूथ चालू असलं की पुरे. ११ ते १४ ला दुरुस्ती आली. सेटिंगमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख 2023-12-05 किंवा नंतरची असेल तर प्रश्न मिटला. १० ला ती दुरुस्ती मिळालीच नाही. लोकलमध्ये कोणी हे करत बसलंय असं मी म्हणत नाही, तुमची चौकट तर नक्कीच त्यातली नाही. पण या फोनवर गर्दीत ब्लूटूथ बंद ठेवणं हाच उपाय.

डोंबिवलीकरीण: बघितलं. तारीख २०२२ ची आहे. नाव बदललं, पान बंद केलं. गाण्यांसाठी वायरचा इअरफोन काढते. पण हातातलं घड्याळ? ब्लूटूथ बंद केलं की त्यावर कॉल कळत नाही, आणि गर्दीत पर्समधला फोन ऐकू येत नाही म्हणूनच तर ते घेतलं.

वायरलेसवाला: इथे माझ्याकडेही उत्तर नाही. घड्याळ हवं तर ब्लूटूथ चालू राहणार. निदान फोन लॉक ठेवा, कारण असा कीबोर्ड लॉक स्क्रीनच्या पलीकडे सहसा जाऊ शकत नाही.

गिरगावकर७१: माझा फोन १३ आहे, पण तारीख ऑगस्ट २०२३ दाखवतो. मग माझं काय?