मदत हवी आहे: पीसीतून चीं असा आवाज येतो, ग्राफिक्स कार्ड परत करू का?

चिंचगूळ
नवीन पीसी जोडून नऊ दिवस झाले. गेम लावला की कॅबिनेटमधून बारीक, टोकदार चीं ऐकू येते, डास कानाशी आल्यासारखी. रात्री हेडफोन काढला की डोकं उठतं. दुकानदार म्हणतो नॉर्मल आहे. वर्षभर पैसे साठवून घेतलंय, नॉर्मल कसं म्हणू? बदलून घ्यायची मुदत परवा संपते, लवकर सांगा.

पाटीपेन्सिल
पीएसयू किती वॅटचा? आवाज नेमका कधी येतो? सेकंदाला फ्रेम किती येतात?

धूळवाफ
ब्लोअर मारा आणि थर्मल पेस्ट बदला. माझं कार्ड 82 अंशांवरून 70 वर आलं.

चिंचगूळ
अहो, नऊ दिवसांत धूळ कुठली? तापमान 66 आहे. पीएसयू 650 वॅटचा. फ्रेम बघितल्या नाहीत, पण मेनूवर आवाज सगळ्यात जास्त.

कोकणकडा
पीएसयू कमी पडतोय. 1000 वॅटचा गोल्ड घ्या, विषय संपला. माझा आवाज तसाच गेला.

रेडिओदुरुस्ती
कोकणकडा, तुमचा आवाज पीएसयूचा असेल म्हणून गेला. यांचा कुठला ते आधी ठरवू द्या. वॅट वाढवून कार्डावरची कॉइल गप्प बसत नाही.

चिंचगूळ, मेनूवर जास्त येतो हीच खूण आहे. कार्डावरच्या चोकमधून, म्हणजे त्याच कॉइलमधून, करंट कमीजास्त झाला की त्यातली तार आणि गाभा किंचित थरथरतात. सर्किटचं स्विचिंग सेकंदाला लाखो वेळा होतं, ते कानाला कळत नाही. पण प्रत्येक फ्रेमला कार्ड जोर लावतं आणि क्षणभर सुस्तावतं. मेनूवर काढायला काही नसतं, म्हणून फ्रेम हजाराच्या वर जातात आणि तो जोर-सुस्ती आपल्या कानाच्या टप्प्यात येतो.

आज दोन गोष्टी करा. कागदाची सुरळी करून एक टोक कानाला लावा, दुसरं कार्डाजवळ आणि मग पीएसयूच्या जाळीजवळ न्या, कशालाही न टेकवता. मग RivaTuner मध्ये Framerate limit ला 141 घालून मेनूवरच ऐका. पंख्याचा आवाज हळूहळू बदलतो, कॉइलचा त्याच क्षणी.

गोंदवाला
मी चोकवर हॉट ग्लू सोडला होता, सहा वर्षं झाली, शांत आहे.

रेडिओदुरुस्ती
जुन्या उघड्या कॉइलला चालतं ते. आताचे चोक बहुतेक बंद ठोकळे असतात, ग्लू आतल्या तारेपर्यंत पोचत नाही आणि वॉरंटी जाते. आणि पीएसयू तर उघडूच नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 400 व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात.

गोंदवाला
माझं झालं काम, एवढंच सांगितलं.

अंगणातली_तुळस
आमच्याकडे लाईट गेली की कॉम्प्युटर घुंई करतो, एरवी गप्प. हेच का?

रेडिओदुरुस्ती
ताई, ते वेगळं. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर पीएसयू त्या वेड्यावाकड्या लाटेवर गुणगुणतो. शुद्ध साइन वेव्हचा असेल तर सांगा, वेगळा धागा काढू.

चिंचगूळ
ऐकलं. सुरळी कार्डाकडे नेली की कानात सुई टोचल्यासारखं होतं, पीएसयूजवळ फक्त पंखा. मेनूवर 1,460 फ्रेम दिसत होत्या! 141 वर आणल्या तर चीं थांबून खाली गुरगुर आली, ती कॅबिनेटचं झाकण लावलं की ऐकू येत नाही. पण जड गेममध्ये फ्रेम 118 च असतात, तिथे मर्यादेचा उपयोग नाही, चीं आहेच.

पाटीपेन्सिल
तिथे Afterburner मधलं Power Limit 80 वर आणून बघा. करंट कमी, थरथर कमी.

चिंचगूळ
केलं. फ्रेम 118 वरून 111, आवाज निम्मा वाटतो. पूर्ण नाही गेला. मग परत करू का?

कोकणकडा
करा. पैसे दिलेत तुम्ही.

रेडिओदुरुस्ती
दुकानाची मुदत आहे तोवर मागायला हरकत नाही, पण बहुतेक कंपन्या वॉरंटीत याला दोष मानत नाहीत आणि यानं कार्ड बिघडतही नाही. त्याच मॉडेलचं दुसरं कार्ड शांत निघेल याची खात्री कोणी देत नाही, माझ्याकडे बदलून आलेलं जास्त ओरडत होतं. शक्य असेल तर दुसरं कार्ड दुकानातच तुमच्या गेमवर चालवून, कान लावून ऐका आणि मगच तुमचं सोडा.

चिंचगूळ
उद्या पीसीच घेऊन जातो दुकानात. तिथे रस्त्याच्या गोंगाटात काही ऐकू येईल का, हीच काळजी आहे.

पाटीपेन्सिल
सकाळी शटर उघडताच जा. आणि सुरळी विसरू नका.