गोल वॉच फेसवर तीन कॉम्प्लिकेशन्स कशी बसवावीत? रंगाबद्दलही सल्ला हवा

निळी_तबकडी: नमस्कार. वेअर ओएसच्या ४५० × ४५० पिक्सेलच्या गोल पडद्यासाठी मी वॉच फेस तयार करत आहे. मधोमध २४० पिक्सेल रुंदीत वेळेचे आकडे असून डावीकडे बॅटरी, उजवीकडे पावले आणि खाली तारीख अशी ९६ पिक्सेल व्यासाची तीन कॉम्प्लिकेशन्स ठेवली आहेत. संगणकावर काळ्यावरचे निळे (`#0000FF`) आकडे सुरेख दिसतात, मात्र मनगटावर उन्हात बॅटरीचा आकडा वाचताच येत नाही, शिवाय बाजूची वर्तुळे वेळेवर चढतात. वेळेचे अक्षर लहान करावे का?

काटकसर: काळी पार्श्वभूमी सोडू नका, कारण ओएलईडी पडद्यावर काळे पिक्सेल बंद राहतात आणि बॅटरी वाचते. निळा तसाच ठेवून अक्षर जाड करा, म्हणजे उन्हातही वाचता येईल.

रेषाजोड: पार्श्वभूमीचे म्हणणे योग्य आहे, पण नुसत्या जाडीने काम होणार नाही. शुद्ध निळा डोळ्याला मुळातच मंद भासतो. काळ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.४४ भरतो, आणि वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांत लहान अक्षरांना किमान ४.५ लागतो. निळाच आवडत असेल तर `#80C0FF` घेऊन पाहा, तो सुमारे १०.९ पर्यंत जातो.

वेळेचे अक्षर मात्र लहान करू नका, कारण घड्याळात ते सर्वांत आधी दिसायला हवे. तुमच्या डाव्या वर्तुळाचे केंद्र कडेपासून ७५ पिक्सेलवर असेल, तर त्याची आतली कड १२३ वर येते आणि वेळ १०५ वरच सुरू होते, म्हणून १८ पिक्सेल एकमेकांवर येतात. वेळ साधारण ६० पिक्सेल वर सरकवा आणि तिन्ही वर्तुळे मध्यबिंदूच्या ७५ पिक्सेल खाली एका ओळीत घ्या, केंद्रांमध्ये १०८ पिक्सेल अंतर ठेवून. टोकाच्या वर्तुळांपासून पडद्याच्या गोल कडेपर्यंत सुमारे ४५ पिक्सेल मोकळे राहतात.

सकाळचा_धावपटू: माझ्या फेसवर हृदयगतीचा आकडा मिनिटामिनिटाला बदलत नाही. रंग बदलल्याने तो लवकर ताजा होईल का?

रेषाजोड: नाही, त्याचा रंगाशी संबंध नाही. कॉम्प्लिकेशनला माहिती पुरवणाऱ्या अॅपला ठराविक वेळाने अपडेट मागायचे असले, तरी ५ मिनिटांपेक्षा कमी अंतर मागता येत नाही.

निळी_तबकडी: मांडणी बदलली आणि उन्हात जाऊन पाहिले, बॅटरीचा आकडा आता एका नजरेत कळतो. मात्र पावले पाच अंकी झाल्यावर आकडा वर्तुळाच्या कडेला टेकतो, हे ९०० पावलांवर चाचणी घेताना लक्षात आले नव्हते.

रेषाजोड: चाचणी नेहमी सर्वांत लांब मजकुरावर घ्यावी. छोट्या मजकुराच्या कॉम्प्लिकेशनसाठी ७ अक्षरांची मर्यादा धरतात, म्हणून तेवढी अक्षरे भरूनच अक्षराचा आकार ठरवा.

काटकसर: अँबियंटमध्ये तिन्ही कॉम्प्लिकेशन्स काढून टाका, फक्त वेळ ठेवा. तिथे १५ टक्क्यांहून अधिक पिक्सेल पेटवू नयेत, असे सांगितले जाते.

रेषाजोड: मर्यादा मान्य आहे, पण बारीक रेषेतली तारीख तिच्यात सहज बसते, आणि मी ती ठेवतो.

निळी_तबकडी: तारीख ठेवून आठवडाभर वापरतो आणि बॅटरीत किती फरक पडला ते इथे कळवतो.