शब्दचर्चा: शिफारसपत्र मागताना ‘आपण’ म्हणजे नेमकं कोण?

पानगळ:
परदेशातल्या एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज करते आहे. एमएस्सीला ज्या सरांकडे दोन विषय शिकले, त्यांना पत्र मागायचं आहे. पत्र इंग्रजीतच जाईल, पण सरांशी बोलणं-लिहिणं कायम मराठीतून झालं, म्हणून मेलही मराठीत लिहिते आहे. तीन ठिकाणी अडले. ‘शिफारसपत्र’ लिहायचं की ‘शिफारशीपत्र’? सोबत कोर्सवर्कची समरी जोडायची आहे, तिला ‘अभ्यासक्रमाचा सारांश’ म्हटलं तर चालेल का? आणि सरांना ‘आपण’ लिहू की ‘तुम्ही’? कच्चा मजकूर असा:

> आदरणीय सर, मी आपली माजी विद्यार्थिनी. मला शिष्यवृत्तीसाठी आपल्या शिफारसपत्राची आवश्यकता आहे. तरी ते लवकरात लवकर द्यावे, ही नम्र विनंती. जलभूविज्ञानाच्या विषयात आपण 14 विहिरींची पाणीपातळी मोजली होती. तसेच पंपिंग टेस्ट करण्यात आली व तिचे विश्लेषण करण्यात आले. अभ्यासक्रमाचा सारांश सोबत जोडला आहे.

उंबरठा:
मुळात ‘शिफारस’ हा शब्दच टाळा. शिफारस म्हणजे वशिला. ‘कुणाची शिफारस आहे का?’ असं आपण कुठे विचारतो ते आठवा. सरळ ‘संदर्भपत्र’ लिहा. शिवाय मूळ शब्द ‘शिफारिश’ असल्यामुळे ‘शिफारस’ हे बोलीतलं रूप झालं.

टाकदौत:
उंबरठा, वशिल्याची छटा या शब्दाला आहे, हे खरं. पण समित्या ‘शिफारशी’ करतात तेव्हा तिथे कुणाला वशिला दिसत नाही. कोण कुणाला आणि कशासाठी सांगतो आहे, त्यावर ती छटा ठरते. ‘पत्र’ जोडलं की ती जवळजवळ निघून जाते.

रूपाचं मात्र उलट आहे. फारसीत ‘सिफारिश’, हिंदीतही तेच. मराठीत येताना स आणि श यांनी जागा बदलल्या आणि ‘शिफारस’ झालं. हेच मराठीतलं प्रमाण रूप. ‘शिफारिश’ ही दोन्हींची खिचडी आहे. पुढे ई आली की शेवटच्या सचा श होतो, जसं म्हैस, म्हशी. म्हणून शिफारस, शिफारशी, शिफारशीचं. समासात मूळ शब्द जसाच्या तसा राहतो, म्हणून ‘शिफारसपत्र’. ‘शिफारशीचं पत्र’ही बरोबर, फक्त थोडं घरगुती वाटतं. ‘शिफारशीपत्र’ चूक.

‘संदर्भपत्र’ म्हटलं की अर्थ पातळ होतो. ही व्यक्ती आमच्याकडे अमुक काळ होती, वागणूक ठीक होती, एवढी खातरजमा त्यात येते. तुम्हाला हवं आहे ते तुमच्या बाजूने बोलणारं पत्र.

मधली सुट्टी:
सारांश कशाला जोडायचा? गुणपत्रकाची साक्षांकित प्रत जोडा. सगळे विषय, गुण त्यात असतातच. मी तेच केलं होतं.

पानगळ:
गुणपत्रक अर्जासोबत वेगळं जातंच आहे. हे फक्त सरांसाठी आहे, मी त्यांच्याकडे काय केलं ते त्यांना आठवावं म्हणून.

खडूफळा:
मी शिकवतो. दरवर्षी अशी पत्रं लिहितो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो.

गुणपत्रकाचा मला फारसा उपयोग नसतो, कारण ते निवड समितीच्या हातात असतंच. तेच आकडे मी पत्रात पुन्हा लिहिले तर पत्र वाया गेलं. गुणपत्रकात न दिसणारं काहीतरी मला सांगायचं असतं. मुलगी कुठे अडली, कशी सुटली, तिला काय सुचलं. तीन वर्षांनी ते माझ्या डोक्यात उरलेलं नसतं. चेहरा आठवतो, वही आठवत नाही.

म्हणून ‘अभ्यासक्रमाचा सारांश’ हे शब्द वाचून मी बुचकळ्यात पडेन. अभ्यासक्रम म्हणजे काय शिकवायचं याची विद्यापीठाने ठरवलेली आखणी. तिचा सारांश मला नको, मीच तो शिकवला आहे. मला हवं आहे तू काय केलंस ते.

टाकदौत:
मग ‘अभ्यासलेल्या विषयांचा गोषवारा’ म्हणा. गोषवारा हा हिशेबाच्या वह्यांतून आलेला शब्द आहे. सगळ्या नोंदी न उतरवता त्यांची गोळाबेरीज एका नजरेत दाखवायची, तो गोषवारा. सारांश एखाद्या मजकुराचा होतो. केलेल्या कामाच्या नोंदींना गोषवारा शोभतो.

उंबरठा:
गोषवारा फार कचेरीतला वाटतो. ‘टिपण’ का नको?

टाकदौत:
‘टिपण’ही उत्तम. खरं तर मेलमध्ये ते जास्त सहज वाटेल. माझा आग्रह नाही.

पण पानगळ, मला त्याहून मोठी अडचण तुमच्या ‘आपण’मध्ये दिसते. ‘आपण 14 विहिरींची पाणीपातळी मोजली होती.’ कोणी मोजली? मराठीत ‘आपण’ दोन कामं करतो. एक, समोरच्याला मान देऊन ‘तुम्ही’. दुसरं, बोलणारा आणि ऐकणारा मिळून सगळे. तुमच्या वाक्यातून सरांनी मोजली असाही अर्थ निघतो आणि सर, तुम्ही, वर्ग सगळ्यांनी मिळून असाही. एरवी संदर्भाने भागतं. इथे भागत नाही, कारण काम कोणाचं यावरच पत्र उभं राहणार आहे.

खडूफळा:
अगदी हेच. आणि ‘करण्यात आली’, ‘करण्यात आले’ यांनी तर कर्ता पुसूनच टाकला. सरकारी टिपणीत ते खपतं. मला पत्रात लिहावं लागतं, ‘तिने स्वतः केलं’ किंवा ‘चौघांच्या गटात हा भाग तिचा होता’. ते मेलवरून कळलं नाही तर मी सावध होतो आणि ‘तिचा सहभाग होता’ असं मोघम लिहितो. मोघम पत्र वाचणाऱ्याला वाटतं की प्राध्यापक हिला नीट ओळखत नाहीत.

पानगळ, खरं सांग, त्या चाचणीत तू नेमकं काय केलंस?

पानगळ:
विहिरी आम्ही चौघांनी मोजल्या, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. पंपिंग टेस्टची आखणी सरांची होती. पाणी एका ठरलेल्या वेगाने उपसत राहायचं आणि पातळी किती उतरते ते ठरावीक वेळांनी लिहायचं. नोंदी घेणं आणि आलेख काढणं माझ्याकडे होतं. वेळ लॉग मापावर घेतली की पुढचे बिंदू सरळ रेषेत येतात, आणि त्या रेषेच्या उतारावरून जमिनीखालचा थर पाणी किती वाहू देतो ते काढतात.

मी पहिल्यांदा रेषा सुरुवातीच्या बिंदूंमधून काढली होती. उत्तर विचित्र आलं. सरांनी फक्त विचारलं, ‘सुरुवातीला पंप कुठलं पाणी उपसतोय?’ दोन दिवसांनी लक्षात आलं, ते विहिरीतच साठलेलं पाणी होतं, थरातून आलेलं नव्हतं. मग सुरुवातीचे बिंदू सोडून पुन्हा रेषा काढली, आणि कोणते बिंदू का सोडले ते अहवालात लिहिलं. पण ही तर माझी चूक झाली. ती कशाला सांगायची?

खडूफळा:
मला हीच गोष्ट हवी होती! चूक सापडली, कारण शोधलं, दुरुस्त केली आणि लपवली नाही. यावर मी एक अख्खा परिच्छेद लिहू शकतो, आणि तो दुसऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याच्या पत्रात बसणार नाही. टिपणात ही गोष्ट चार ओळींत लिही. बाकी विषयांना एकेक ओळ पुरे.

आणखी एक. ‘आवश्यकता आहे’, ‘लवकरात लवकर द्यावे’ हे काढ. शेवटी ‘नम्र विनंती’ असली तरी ‘द्यावे’ ही मागणीच आहे. मला नाही म्हणायला जागा ठेव. ‘माझ्या कामाबद्दल आपल्याला खात्रीने लिहिता येईल का?’ असं विचारलंस तर ज्याला चांगलं लिहिणं शक्य नाही तो आधीच सांगेल. कोमट पत्र येण्यापेक्षा ते बरं.

मधली सुट्टी:
माझ्या वेळी सर म्हणाले, ‘तूच मसुदा करून आण, मी सही करतो.’ मी केला. स्वतःबद्दल ‘अत्यंत हुशार’ लिहिताना हात थांबला होता, तरी लिहिलं. शिष्यवृत्ती मिळाली नाही. कशामुळे ते कधीच कळलं नाही.

खडूफळा:
असं सर्रास चालतं, मला ते पटत नाही. बहुतेक ठिकाणी पत्र गोपनीय असतं, लिहिणाऱ्याला स्वतंत्र दुवा येतो आणि तो ते थेट चढवतो. अमेरिकेतल्या अर्जांत तर ‘हे पत्र पाहण्याचा हक्क मी सोडतो’ असा पर्याय उमेदवाराला विचारतात. टिपण द्यावं, मसुदा देऊ नये.

उंबरठा:
आणि प्राध्यापकांना वेळच नसेल तर? मसुदा दिल्याने निदान पत्र वेळेत जातं. याची दुसरी बाजूही आहे.

टाकदौत:
यावर इथे एकमत होईलसं वाटत नाही. शब्दांपुरतं बोलायचं तर मसुदा म्हणजे ज्यावर दुसरा सही करणार तो मजकूर, आणि टिपण म्हणजे ज्यावरून दुसरा स्वतः लिहिणार ते. मेलमध्ये ‘मसुदा’ शब्द चुकूनही येऊ देऊ नका.

‘मुदत’ही नीट लिहा. ‘12 तारखेपर्यंत’ म्हटलं की 12 धरून की सोडून, हा घोळ होतो. ‘12 च्या मध्यरात्री’ म्हणजे 12 उजाडताना की संपताना, हा दुसरा. तास लिहा, आणि तो कुठल्या घड्याळाचा तेही. ग्रीनविचचे दुपारचे 12 म्हणजे भारतात संध्याकाळचे साडेपाच.

पानगळ:
पुन्हा लिहिलं. मुदतीला पाच आठवडे आहेत, आजच पाठवते.

> विषय: शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र, आपल्याला लिहिता येईल का?
>
> आदरणीय सर,
> सादर नमस्कार.
> मी आपल्याकडे दुसऱ्या सत्रात जलभूविज्ञान आणि तिसऱ्या सत्रात क्षेत्र-प्रकल्प असे दोन विषय शिकले. भूजलाच्या पुढच्या अभ्यासासाठी परदेशातल्या एका शिष्यवृत्तीला अर्ज करते आहे. माझ्या कामाबद्दल तुम्हाला खात्रीने लिहिता येईल का? जमणार नसेल तर तसं निःसंकोच कळवावं.
> मुदत 12 नोव्हेंबर, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी 5:30. होकार आल्यावर संस्थेकडून आपल्या विद्यापीठाच्या मेलवर दुवा येईल.
>
> टिपण:
> जलभूविज्ञान, 4 श्रेयांक, श्रेणी अ. पंपिंग टेस्टची आखणी तुमची होती, नोंदी आणि आलेख मी केले. पहिल्यांदा मी सुरुवातीच्या बिंदूंमधून रेषा काढली होती. ‘सुरुवातीला पंप कुठलं पाणी उपसतोय?’ असं तुम्ही विचारलंत. ते विहिरीत साठलेलं पाणी आहे हे ओळखून मी ते बिंदू सोडले, रेषा पुन्हा काढली आणि कारण अहवालात लिहिलं.
> क्षेत्र-प्रकल्प, 6 श्रेयांक, श्रेणी अ. चौघांच्या गटाने 14 विहिरींची पातळी दोनदा मोजली. दोन्ही वेळचे नकाशे मी केले.

टाकदौत:
श्रेयांक आणि श्रेणी वेगळे लिहिलेत, छान. विषय किती मोठा ते श्रेयांकातून कळतं, तुम्ही कसा केला ते श्रेणीतून. अनेक जण दोन्हींना ‘क्रेडिट’ म्हणून मोकळे होतात.

पण पहिल्या परिच्छेदात ‘आपल्याकडे शिकले’ आणि दोनच ओळींनी ‘तुम्हाला लिहिता येईल का’. एकच धरा.

पानगळ:
मुद्दाम केलं. मान द्यायला ‘आपल्याकडे’ ठेवलं, पण काम कोणी केलं ते सांगताना ‘तुम्ही’च स्पष्ट वाटलं.

खडूफळा:
टिपणात ‘तुम्ही’च हवं. वरच्या भागात मला दोन्ही चालतील, पण माझ्या एका सहकाऱ्याला विद्यार्थ्याचं ‘तुम्ही’ खटकतं. तुझे सर कसे आहेत ते तुलाच माहीत.