मदत हवी आहे : पुस्तकातला उत्पादन शक्यता वक्र बाहेर फुगतो, माझा सरळ का येतो?

तापीकाठची
बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. आहे त्या जमिनीत दोन पिकांची जास्तीत जास्त कोणकोणती जोडी निघू शकते ते दाखवणारा हा वक्र रावेरकडच्या आमच्या तीन तुकड्यांवर काढून पाहिला, आकडे हिशेबाला सोपे धरलेत. काठच्या गाळाच्या तुकड्यात सगळी केळी लावली तर ३० टन, सगळी कपाशी लावली तर ६ क्विंटल. विहिरीजवळच्यात २० टन किंवा ८ क्विंटल. वरच्या मुरमाडात ६ टन किंवा ६ क्विंटल. म्हणजे सगळी कपाशी २०, सगळी केळी ५६. मग प्रत्येक तुकड्यात निम्मं-निम्मं केलं, तर २८ टन आणि १० क्विंटल आले. हा बिंदू दोन टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेवरच पडतो. सरांनी चूक दिली. कुठे चुकलं?

कपाशीवाला
ताई, यंदा केळी लावूच नका. व्हायरसनं आमची अर्धी बाग उपटावी लागली.

बांधावरचा
बिंदू आत पडला म्हणजे जमीन पडीक राहिली असणार.

तापीकाठची
दादा, पडीक वावभरही नाही. तीच तर अडचण आहे.

जुना मास्तर
पडीक नाही, पण चुकीच्या जागी लावलंय. केळी वाढवायची तर आधी कोणती कपाशी काढशील? काठची. ६ क्विंटल सोडून ३० टन मिळतात, म्हणजे टनामागे २० किलो कापूस गेला. पुढे विहिरीजवळची काढली तर टनामागे ४० किलो. शेवटी मुरमाडात केळी रेटली तर टनामागे १०० किलो. किंमत अशी वाढत जाते म्हणून रेषा फुगते. फक्त काठाला केळी ठेव : ३० टन आणि १४ क्विंटल. तुझ्या निम्म्या-निम्म्यापेक्षा दोन्ही जास्त. तिन्ही तुकडे सारखे असते तर मात्र तुझी सरळ रेषाच बरोबर होती.

बांधावरचा
मान्य. पण गेल्या वर्षी आमची मोटर जळाली, एक तुकडा हंगामभर कोरडा राहिला. तेव्हा तरी वक्र आत सरकला ना?

जुना मास्तर
नाही भाऊ. मोटर भरून आणली की पुन्हा तेवढंच पिकणार, म्हणून बिंदू आत आला, वक्र जागेवरच राहिला. विहीर कायमची आटली असती तर वक्रच आत आला असता.

तापीकाठची
आता कळलं, सगळी आकृती पुन्हा काढते. अजून एक. ठिबक केल्यावर काठाला ३५ आणि विहिरीजवळ २५ टन येतील असं धरलं, तर?

जुना मास्तर
केळीचं टोक ६६ वर जाईल, कपाशीचं २० वरच राहील. वक्र एका बाजूनं फिरेल. मधल्या भागातही फायदा आहे : १४ क्विंटल कापूस ठेवून आता ३५ टन.

कपाशीवाला
ठिबक आल्यावर आमच्याकडे लोकांनी वाचलेल्या पाण्यावर केळीच वाढवली. शेजारच्या विहिरी मे महिन्यात तळाला जातात. त्यांचा वक्र आत आला तर तो कुणाच्या आकृतीत धरायचा?

जुना मास्तर
गावाचा एकच वक्र काढला तर त्यात येईल. पण पाणी किती खाली जातंय ते मोजल्याशिवाय तो बाहेर गेला की आत आला, हे मी सांगू शकत नाही.