‘सायनस ॲऱ्हिदमिया’ला मराठीत काय म्हणावं?

मृणाल, नौपाडा
लेकाला कॉलेजच्या कबड्डी संघासाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं, म्हणून काल ईसीजी काढला. कागदावर ‘सायनस ॲऱ्हिदमिया’ असं छापून आलंय. डॉक्टर म्हणाले, सोळाव्या वर्षी हे असतंच, काळजी नको. घरी सासूबाईंना ‘अतालता’ असं सांगितलं, तर त्यांनी देवच पाण्यात ठेवले. न घाबरवणारा, पण खरा शब्द हवाय.

सुहास, नेरूळ
ताई, सायनस मलाही आहे. पावसाळ्यात फार होतो. रोज रात्री वाफ द्या त्याला.

विद्याधर, कोपरी
सुहासराव, हा नाकाचा सायनस नव्हे. लॅटिनमध्ये ‘सायनस’ म्हणजे खोलगट भाग, घडी. नाकाभोवतीच्या पोकळ्यांना ते नाव मिळालं, तसंच गर्भाच्या हृदयातल्या एका कप्प्यालाही. पुढे त्याच जागी, उजव्या कर्णिकेत, ठोका सुरू करणारी गाठ असते. म्हणजे कागदावरचा ‘सायनस’ एवढंच सांगतो, की ठोका योग्य ठिकाणाहून निघतोय. (त्रिकोणमितीतली ‘साइन’ही याच शब्दातून आली. आपली ‘जीवा’ अरबीत गेली, तिथे ती ‘जैब’ अशी वाचली गेली. जैब म्हणजे कपड्याची घडी, म्हणून लॅटिनमध्ये सायनस!)

केतकी, पाचपाखाडी
मी तबला शिकवते. ‘अताल’ म्हणजे ठेकाच सुटला. इथे ठोके क्रमाने पडतायत ना? मग ताल शाबूत आहे, लय तेवढी चढते-उतरते. ‘लयबदल’ म्हणा.

नचिकेत, वाशी
श्वास घेतला की छातीतला दाब कमी होतो, हृदयाकडे जास्त रक्त ओढलं जातं आणि ते उपसायला हृदय जोरात धावतं. साधं पंपाचं गणित आहे.

विद्याधर, कोपरी
रक्त जास्त येतं हे बरोबर, पण मुख्य कारण ते नाही. ठोके देणाऱ्या गाठीला मोकळं सोडलं, तर ती मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल. विश्रांतीत ते सत्तरवर येतात, कारण मेंदूच्या देठातून निघालेली व्हेगस नस तिचा लगाम ओढून धरते. श्वास आत घ्यायची आज्ञा देणाऱ्या पेशी त्याच देठात आहेत. आज्ञा सुटली की त्या व्हेगसच्या पेशींना गप्प करतात. फुगलेल्या फुप्फुसांकडून येणारे संदेशही तेच करतात. लगाम सैल, ठोके वाढले. श्वास सोडताना लगाम पुन्हा ताणला जातो. व्हेगसचा परिणाम पुढच्या एक-दोन ठोक्यांतच दिसतो. धावताना हृदयाला हाकणाऱ्या नसा मंद, त्यांना काही सेकंद लागतात, म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर हलणं त्यांना जमत नाही. ॲट्रोपीन देऊन व्हेगस अडवली, की हा चढउतार जवळजवळ नाहीसा होतो.

मृणालताई, त्या कागदावर दोन उंच टोकांमधले छोटे चौकोन मोजाल का?

मृणाल, नौपाडा
मोजले. सगळ्यांत जवळची टोकं १८ चौकोनांवर, सगळ्यांत लांबची २४ वर.

विद्याधर, कोपरी
नेहमीच्या वेगाच्या पट्टीवर १५०० ला चौकोनांनी भागायचं. १८ म्हणजे मिनिटाला ८३, २४ म्हणजे ६२. वाढ-घट पायरीपायरीने होते का, आणि प्रत्येक उंच टोकाआधीचा लहान उंचवटा सारखाच दिसतो का, ते पाहा.

मृणाल, नौपाडा
हो, उंचवटे सारखेच आहेत. रात्री त्याच्या मनगटावर बोट ठेवून पाहिलं. पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर. आत घेताना ठोके बोटाखाली दाटीवाटीने आले, सोडताना इतके लांबले की पुढचा येतो की नाही असं वाटलं. थोडा वेळ श्वास रोखला, तर बरेच एकसारखे झाले.

विद्याधर, कोपरी
अगदी हेच. श्वासाशी काहीच नातं नसलेली, कशीही उडणारी नाडी असती, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा डॉक्टरांकडेच जायला हवं.

सुहास, नेरूळ
मीही करून पाहिलं. मला फरक कळतच नाही. वय ६७, बारा वर्षं मधुमेह.

विद्याधर, कोपरी
वयाबरोबर फरक कमी होतोच. पण जुन्या मधुमेहातही या नसा दुबळ्या होतात, आणि ते तपासायला डॉक्टर मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावून ईसीजी काढतात. बोटावरून निष्कर्ष काढू नका. पुढच्या भेटीत हे नक्की विचारा.

नचिकेत, वाशी
पण शरीराला याचा उपयोग काय? फुप्फुसात ताजी हवा असतानाच जास्त रक्त पाठवायचं, असं काही?

विद्याधर, कोपरी
तसं मानणारे आहेत, पण त्यावर वाद अजून चालू आहे.

केतकी, पाचपाखाडी
मग ‘श्वासलय’?

विद्याधर, कोपरी
त्याने श्वासाचीच लय वाटेल. ‘श्वासानुसारी लयबदल’ लांब आहे, पण अचूक. आणि ‘उच्छ्वास’ टाळा. शाळेच्या पुस्तकात तो बाहेर जातो, काही जुन्या ग्रंथांत आत येतो.

केतकी, पाचपाखाडी
पूरक-रेचक म्हणा की!

मृणाल, नौपाडा
सासूबाई रोज प्राणायाम करतात. त्यांना म्हटलं, “पूरकात नाडी चढते, रेचकात उतरते.” त्या स्वतःची नाडी धरून बसल्यात.