मदत हवी आहे: "हाय का कोणी?"ला काय उत्तर द्यावं?

दारव्ह्याजवळ माझं कृषी केंद्र आहे. रात्री व्हॉट्सॲप बिझनेसवर नुसतंच येतं, "भाऊ, हाय का कोणी?" प्रश्न नसतोच. ग्रीटिंग मेसेज लावला, पण तो पहिल्यांदा किंवा १४ दिवसांच्या खंडानंतरच जातो. रोजच्या गिऱ्हाइकाला काहीच मिळत नाही. मग अवे मेसेज लावला, "आम्ही आहोत, लवकरच बोलू." झालं उलटंच! एक काका बोंडअळीचं विचारायचं सोडून तासभर वाट पाहत बसले.

आता लिहू म्हणतो, "दुकान बंद आहे, सकाळी ८ ला उत्तर देतो. बोंडाचा फोटो अन् प्रश्न आत्ताच पाठवून ठेवा." एवढं पुरेल का? आणि लाइन जाऊन फोनचं नेट गेलं की अवे मेसेजही जात नाही, त्यावर तुम्ही काय करता?