गेटवेमागचा अवाढव्य चंद्र: एकाच क्लिकमधला की जोडकाम?

कुलाबेकर
आमच्या सोसायटीच्या गटात एका गृहस्थांनी गेटवे ऑफ इंडियाचा फोटो टाकला आहे. घुमटाच्या अगदी वर तांबूस पूर्ण चंद्र टेकलेला दिसतो आणि तो घुमटाच्या दुप्पट रुंद आहे. फोटो आपण गेटवेसमोरच्या चौकातून एकाच क्लिकमध्ये काढला असून त्यात काहीही जोडलेले नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते अशक्य वाटते, पण नुसत्या वाटण्यावर वाद घालायचा नाही. फोटोवरूनच हे सिद्ध करता येईल का?

तिपाई
अशक्य असे काही नाही. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांकडे असते तशी मोठी टेलिफोटो लेन्स लावली की चंद्र मोठा येतो. मी स्वतः 600 मिलिमीटरच्या लेन्सने चंद्राचे असंख्य फोटो काढले आहेत. लेन्स मागचे दृश्य पुढे ओढते, यालाच आम्ही कॉम्प्रेशन म्हणतो. शिवाय क्षितिजाजवळचा चंद्र मोठाच असतो, हे कोणीही कोजागरीला गच्चीवर उभे राहून पाहू शकतो.

मोजणीदार
मी भूमापनात हयात घालवली आहे, त्यामुळे अशा ठिकाणी माझा हात आपोआप पट्टीकडे जातो. तिपाई यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. लेन्सने चंद्र मोठा येतो हे खरे, पण त्याच प्रमाणात गेटवेही मोठा येतो. एकाच जागी उभे राहून लेन्स बदलली तर चंद्र आणि घुमट यांचे परस्परांशी असलेले प्रमाण तसूभरही बदलत नाही. ते बदलते फक्त छायाचित्रकार मागे किंवा पुढे सरकल्यावर. तो मागे गेला की गेटवे लहान होत जातो आणि चंद्र आहे तेवढाच राहतो, कारण पावणेचार लाख किलोमीटरहून दूर असलेल्या वस्तूला आपल्या चार पावलांचा काय फरक पडणार? क्षितिजाजवळचा मोठा चंद्र हा तर डोळ्यांचा भास आहे आणि कॅमेऱ्याला तो होत नाही. हात पूर्ण लांब करून मटारचा दाणा धरावा, क्षितिजावरचा चंद्र काय नि माथ्यावरचा काय, दोन्ही त्यामागे सहज झाकले जातात.

आता मोजणी. चंद्राचा व्यास सुमारे 3,474 किलोमीटर आणि त्याचे सरासरी अंतर सुमारे 3,84,400 किलोमीटर, म्हणजे तो आपल्या व्यासाच्या साधारण 110 पट दूर आहे. म्हणून कॅमेऱ्यापासून 110 मीटरवरची एक मीटर रुंद वस्तू चंद्राला बरोबर झाकते. आपल्याला एवढेच हवे आहे. कुलाबेकर, फोटोत गेटवेच्या कमानीखाली कोणी माणूस उभा असेल तर त्याची उंची पिक्सेलमध्ये मोजा. दुसरा एखादा माणूस बराच अलीकडे उभा असेल तर त्याचीही मोजा, आणि त्या दोन जागांमधले अंतर उपग्रह नकाशावरून काढा. चंद्राची मात्र रुंदी मोजा, उंची नव्हे, कारण क्षितिजाजवळ तो उभ्या दिशेने किंचित चपटा होतो.

कुलाबेकर
मोजले. कमानीखाली उभा असलेला माणूस 24 पिक्सेल भरतो. अलीकडे लोखंडी अडथळ्याजवळ एक पोलीस उभा आहे, तो 72 पिक्सेल भरतो. त्या अडथळ्यापासून कमानीपर्यंतचे अंतर नकाशावर 100 मीटरच्या आसपास येते. गेटवेची पूर्ण उंची 380 पिक्सेल, घुमटाची रुंदी 218 आणि चंद्राची 436.

मोजणीदार
आधी मापाची मापाशी गाठ घालून पाहू. माणूस 1.65 मीटर धरला तर कमानीपाशी एका मीटरला साधारण साडेचौदा पिक्सेल पडतात. गेटवे 26 मीटर उंच आहे, म्हणजे त्याने 378 पिक्सेल भरायला हवेत. आपल्याला 380 मिळाले. घुमटाचा व्यास 15 मीटर आहे, त्याचे 218 व्हायला हवेत आणि तेवढेच झाले. दोन स्वतंत्र मापे जुळली, म्हणजे पट्टी खरी आहे. ती जुळली नसती तर तो माणूस कमानीखाली नसून अलीकडे उभा आहे, अशी शंका मी आधी घेतली असती.

आता छायाचित्रकार कुठे उभा होता ते पाहू. सारख्याच उंचीचा पोलीस तिप्पट मोठा दिसतो, म्हणजे तो कॅमेऱ्याच्या तिप्पट जवळ आहे. कमानीपर्यंतच्या अंतराचा एक तृतीयांश भाग पोलिसापर्यंत आणि उरलेला दोन तृतीयांश भाग पोलिसापासून कमानीपर्यंत. तो दोन तृतीयांश भाग 100 मीटरचा असेल तर एकूण अंतर 150 मीटर होते. याचा अर्थ चौकात उभे होतो हे त्या गृहस्थांचे म्हणणे खरे आहे, आणि नेमके तेच त्यांच्या अंगाशी येते. 150 ला 110 ने भागले की 1.36 मीटर येतात. त्या जागेवरून गेटवेमागे उगवलेला चंद्र कमानीखालच्या माणसाच्या उंचीएवढाही दिसणार नाही. त्याने फोटोत जेमतेम 20 पिक्सेल भरायला हवेत, आणि तो भरतो 436.

उलट बाजूनेही करून पाहा. घुमटाच्या दुप्पट म्हणजे 30 मीटर. एवढा चंद्र हवा असेल तर 30 गुणिले 110, म्हणजे गेटवेपासून 3,300 मीटर मागे जायला हवे. गेटवेच्या पश्चिमेला इतके मागे गेलात तर नरिमन पॉइंट ओलांडून आपण समुद्रात पोहोचाल, आणि मध्ये उंच इमारती उभ्या आहेत त्या वेगळ्याच.

तिपाई
लेन्सचा मुद्दा मी मागे घेतो. वर्षानुवर्षे कॉम्प्रेशन हा शब्द वापरताना अंतराचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. पण आपण पोलिसाची उंची आणि त्या माणसाची उंची सारखी धरलीत. पोलीस सहा फुटी असेल आणि तो माणूस पाच फुटी असेल तर? आणि त्या दिवशी सुपरमून असेल तर?

मोजणीदार
रास्त शंका आहे. पोलीस सहा फुटी आणि माणूस पाच फुटी असेल, तर तिपटीच्या जागी अडीचपट धरावी लागेल आणि अंतर 150 ऐवजी सुमारे 167 मीटर येईल. 24 पिक्सेल मोजताना एक-दोन पिक्सेलची चूक सहज होते, तीही चार ते आठ टक्क्यांची. अत्यंत जवळचा चंद्र अत्यंत दूरच्या चंद्राच्या तुलनेत रुंदीला सुमारे 14 टक्केच मोठा असतो. हे सगळे त्या गृहस्थांच्या बाजूने जमेला धरले तरी चंद्र 25-30 पिक्सेलच्या पुढे जात नाही. तफावत वीस टक्क्यांची असती तर मी गप्प बसलो असतो. इथे ती जवळजवळ 22 पट आहे.

चांदणे
चंद्राचे फोटो काढताना माझा चंद्र नेहमी पांढरा गोळा होतो, डाग दिसतच नाहीत. कोणती सेटिंग ठेवावी? तिपाई, आपण सांगाल का?

तिपाई
धागा वेगळ्या विषयाचा आहे, तरी सांगतो. चंद्र उन्हात उजळलेला असतो, म्हणून शटरचा वेग दिवसाच्या फोटोइतकाच ठेवा. जमल्यास वेगळा धागा काढा.

घाटवाट
माझा अनुभव उलटा आहे आणि म्हणून सांगतो. माझ्या धाकट्या भावाने गावच्या टेकडीवरच्या देवळाचा कळस आणि त्यामागे चंद्र असा फोटो काढला होता. कळस चंद्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा दिसत होता. गावातल्या जाणत्या मंडळींनी त्याला लबाड ठरवले आणि पोराने ते फार मनाला लावून घेतले. हा धागा वाचून काल रात्री हिशेब केला. कळस दोन मीटरचा आहे, म्हणजे चंद्र दहा मीटरचा, म्हणजे अंतर 1,100 मीटर. तो ज्या धरणाच्या बांधावर उभा होता ती जागा देवळापासून नकाशावर बाराशे मीटरच्या आत आहे. फोटो खरा होता. मोठा चंद्र दिसला की खोटा म्हणायचे, ही घाईही बरी नव्हे.

अभ्यागत
एवढ्या ठामपणाची मला भीती वाटते. स्कॉटलंडमधल्या लॉक नेस सरोवरातल्या राक्षसाचा म्हणून गाजलेला 1934 चा तो प्रसिद्ध फोटो आठवा. एका लंडनच्या डॉक्टरच्या नावावर तो डेली मेलमध्ये छापून आला होता. त्यात माणूस नाही, झाड नाही, होडी नाही. 1987 मध्ये लब्लाँ आणि कॉलिन्स या अभ्यासकांनी पाण्यावरच्या लाटांना पट्टी मानून मानेची उंची सुमारे 1.2 मीटर काढली. पुढे 1994 मध्ये उघड झाले की ती खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली मान होती. मोजणारे जाणकार होते, तरी माप वास्तवाहून मोठेच आले. तेव्हा पिक्सेल मोजून कोणाला खोटे पाडण्यापूर्वी थांबावे, असे मला वाटते.

मोजणीदार
उदाहरण चांगले काढलेत, पण ते माझ्याच बाजूला झुकते. लाट ही ठरावीक मापाची वस्तू नाही. वारा किती आणि तो किती लांबवरून वाहत आला यावर तिची लांबी ठरते, म्हणजे पट्टीच आधी अंदाजाने बनवावी लागते. वर्तमानपत्राने कडेचे पाणी आणि पलीकडचा काठ कापून फोटो छापला, त्यामुळे उरलीसुरली खूणही गेली. गेटवेच्या फोटोत दगडी इमारत आहे आणि तिची मापे छापील आहेत. आणि लाटांच्या त्या मापानेसुद्धा राक्षस सिद्ध झाला नव्हता. मीटरभराची मान हंसाच्या मानेच्या फार पुढे जात नाही.

मला फोटोत आणखी एक विसंगती दिसते. 150 मीटरवरून गेटवेचा माथा क्षितिजाच्या वर सुमारे नऊ अंशांवर येतो. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताला उगवतो आणि मुंबईहून तेवढा वर चढायला त्याला सुमारे 40 मिनिटे लागतात. तोवर अंधार पडलेला असतो. कुलाबेकर, फोटोत घुमटावर ऊन आहे का?

कुलाबेकर
हो, घुमटाच्या कडेवर सोनेरी ऊन स्पष्ट दिसते.

घाटवाट
मोजणीदार काका, इथे मात्र आपली चूक होते आहे. चतुर्दशीचा चंद्र सूर्यास्ताच्या पाऊणएक तास आधी उगवतो, आणि डोळ्यांना तो पूर्णच वाटतो. त्या दिवशी मावळतीच्या उन्हात चंद्र नऊ अंशांवर असू शकतो. भावाचा तो फोटो चतुर्दशीचाच होता.

मोजणीदार
मान्य. उन्हाचा मुद्दा मी सोडतो. नऊ अंशांवरचा चंद्र इतका तांबूस नसतो असे म्हणता येईल, पण मुंबईच्या हवेत धूळ किती होती हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून त्यावरही भर देणार नाही. रुंदीचा हिशेब पुरेसा आहे.

कुलाबेकर
हा सगळा हिशेब मी काल गटात टाकला. त्यांचे उत्तर आले की कॅमेऱ्यात डबल एक्स्पोजर वापरले. आधी साध्या लेन्सने गेटवे आणि मग त्याच फ्रेमवर मोठ्या लेन्सने चंद्र. म्हणून संगणकावर काही जोडलेले नाही हे खरेच आहे, असा त्यांचा आग्रह आहे.

तिपाई
ही जुनी आणि सभ्य पद्धत आहे, फिल्मच्या काळापासून चालत आलेली. मी तिला खोटे म्हणणार नाही.

अभ्यागत
मीही नाही. चित्र सुंदर असेल तर ते दोन वेळा उघडलेल्या शटरने आले की एका, याची चौकशी कशाला?

मोजणीदार
चित्राबद्दल माझी तक्रार नाही. वाक्य ‘एकाच क्लिकमध्ये’ असे होते आणि आता क्लिक दोन झाले. मूळ फाइल त्यांनी दिली तर डबल एक्स्पोजर तरी खरे का ते पाहता येईल. चंद्राच्या काळ्या भागात मागच्या आकाशाचा रंग मिसळलेला आहे की नाही, तेवढे पाहायचे आहे.

कुलाबेकर
मागितली आहे. अजून दिलेली नाही.